इमारतीवरून शहर ओळखताना शैली सगळ्यांत शेवटी बघा

प्रश्न: जुन्या शहरांचे फोटो बघून ते कुठले, कधीचे हे ओळखायचा मला नाद आहे. पण साहेबी बंगले, आर्ट डेको इमारती आणि काँक्रीटचे ठोकळे सगळीकडे सारखेच वाटतात. परवा एका फोटोला मी ठामपणे मायामी म्हटलं आणि तो निघाला मुंबईचा. नुसत्या इमारती बघून शहराचा इतिहास आणि प्रदेश खरंच कळतो का? नेमकं काय बघायचं?

उत्तर:

कळतो, पण बहुतेक जण बघायला सुरुवात करतात ती चुकीच्या टोकाकडून. गोल कोपरा दिसला, आडव्या पट्ट्या दिसल्या, जहाजासारखे कठडे दिसले की आपण ‘आर्ट डेको’ म्हणून मोकळे होतो आणि मग आर्ट डेकोसाठी प्रसिद्ध असलेली शहरं आठवायला लागतो. शैलीवरून दशक कळतं, जागा कळत नाही. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर हे नमुने मासिकांतून, सिनेमांतून आणि बोटींतून जगभर इतक्या झपाट्यानं पोचले की १९३० च्या दशकात मुंबई, मायामी, नेपियर, अस्मारा आणि कासाब्लांका इथले आर्किटेक्ट जवळपास एकाच वेळी तेच गोल कोपरे काढत होते. तेव्हा शैली ओळखून तुम्हाला मिळतं ते फार तर ‘१९३० ते १९४५ च्या आसपास’ एवढंच. हेही काही कमी नाही, पण प्रदेशासाठी दुसरीकडे बघावं लागतं.

कामावर असताना मी तीन गोष्टी बघतो. इमारत कुणासाठी बांधली होती, ऊन-पावसाशी तिनं काय तडजोड केली आणि तिची उंची किंवा आकार कोणत्या नियमानं ठरला. आर्किटेक्टला या तिन्ही बाबतीत मनमानी करता येत नाही, म्हणून तिथे प्रदेश उघडा पडतो. तुमचा घोटाळा आर्ट डेकोपाशीच झाला आहे, तर तिथेच जरा जास्त थांबू. बंगले आणि ठोकळे त्यानंतर घेऊ.

मुंबईचं ओव्हल मैदान घ्या. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ साली पुरे झालेले, टोकदार कमानींच्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतले. पश्चिमेला निवासी इमारतींची एक सलग रांग, सगळी १९३० च्या दशकातली. मधे फक्त एक मैदान, पण दोन बाजूंमध्ये पन्नास-साठ वर्षांचं अंतर. असं अंतर दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की मधल्या काळात ही जमीन मोकळी कशी राहिली? उत्तर असं की ती जमीन इमारतींसाठी नव्हतीच. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेनं सरकारी इमारती उठल्या, त्यांची तोंडं समुद्राकडे. पश्चिम कडेनं चर्चगेटहून कुलाब्याला जाणारी रेल्वे धावत होती, ती १९३० च्या अखेरीस बंद झाली. त्याच सुमारास बॅकबेची भरणी होऊन समुद्र आणखी मागे हटला. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सुरू झालेली ही भरणी खर्चामुळे आणि गैरव्यवहारामुळे इतकी बदनाम झाली की खुर्शेद नरिमन यांनी त्यावरून सरकारला उघड अंगावर घेतलं. ठरलेल्या आठ तुकड्यांपैकी चारच पुरे झाले. त्या नव्या जमिनीवरचे भूखंड विकले जायला लागले तेव्हा जगात चालू असलेली शैली होती आर्ट डेको. म्हणजे मुंबईत ही शैली एवढ्या दाटीनं दिसते त्यामागे आवडीपेक्षा जमीन कधी उपलब्ध झाली हे कारण मोठं आहे. कुठल्याही शहरात एकाच शैलीची सलग रांग दिसली की तिच्या मागे भरणी, भूकंप, आग, युद्ध किंवा पाडलेला तट यांपैकी काहीतरी असतंच असं धरून शोधाला लागा. एकेक करून सावकाश बांधलेला रस्ता कधीच एकसारखा दिसत नाही.

आता त्या रांगेतल्या एका इमारतीजवळ जाऊ. एम्प्रेस कोर्ट घ्या, गजानन म्हात्रे यांची. किंवा मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा त्यांचाच सूना महाल, १९३७ चा. दर्शनी भागावर दिसतात त्या बाल्कन्या, मजल्यागणिक तशाच आणि प्रत्येक फ्लॅटला आपली. इथे कुटुंबं कायमची राहायची, रोज संध्याकाळी वाऱ्याला बसायची, हे त्या बाल्कन्याच सांगतात. मग खिडक्यांच्या वर बघा. मुंबईतल्या या इमारतींवर छज्जा एकेका खिडकीपुरता तुटक नसतो, बऱ्याचदा तो पट्टीसारखा कोपऱ्याला वळसा घालून पुढे जातो. लांबून तो नुसती सजावट वाटतो. खाली उभं राहून वर बघितलंत तर छज्ज्याच्या बाहेरच्या कडेपाशी, खालच्या अंगाला, बोटाएवढी एक खाच सरळ ओढलेली दिसेल. पावसाचं पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरपटत भिंतीपर्यंत जाऊ नये, खाचेपाशी अडून खाली पडावं म्हणून ती असते. ती बुजली किंवा रंगाच्या थरांनी भरली की भिंतीवर काळे ओघळ सुरू होतात. असे ओघळ आणि शेवाळ फोटोत दिसले तर शहराला महिनोन्‌महिने धो धो पाऊस असतो, एवढं पक्कं समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन इमारतींमधली फट आणि वरची रेघ. ओव्हलला आणि मरीन ड्राइव्हला इमारती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत आणि त्यांची डोकी जवळपास एका उंचीवर आहेत. भूखंड देतानाच उंची, रस्त्यापासूनचं अंतर आणि बाजूची मोकळी जागा ठरवून दिली होती, त्याचा हा परिणाम. जमीनमालक वेगवेगळे, आर्किटेक्ट वेगवेगळे आणि तरीही वरची रेघ एक असेल तर समजा की जमीन एकाच हातातून, अटींसह वाटली गेली आहे.

आणि या तिन्हींच्या जोडीला बघायचं ते नाव. हे इतकं साधं आहे की लोक त्याकडे बघतच नाहीत. या इमारतींची नावं दर्शनी भिंतीवरच उठावाच्या अक्षरांत घडवलेली आहेत. रज्जब महाल, शिव शांती भुवन, सूना महाल, कोर्ट व्ह्यू. पहिल्या तीन नावांतून पैसा घालणारा समाज डोकावतो. मुसलमान, हिंदू, पारशी व्यापारी भरणीच्या एकाच नव्या जमिनीवर भूखंड घेत होते. चौथं नाव तर सरळ सांगतं की समोर हायकोर्ट आहे. म्हणजे एकीकडे समोरच्या गॉथिक इमारती सरकारनं बांधल्या, दुसरीकडे ही रांग देशी भांडवलानं बांधली. दोन शैलींमधल्या अंतराइतकाच हा बदलही इतिहासाचा आहे. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर तर ‘मास्टर, साठे अँड भुता’ या देशी फर्मनं शेतकरी आणि कारागिरांची भव्य उठावशिल्पं घेतली आहेत. साहेबी शैलीच्या अंगावर देशी माणूस, तोही स्वदेशी विमा कंपनीच्या पैशानं.

आता हेच मायामीशी ताडून बघा, म्हणजे तुमचा फोटो का फसला ते कळेल. साउथ बीचवरही छज्जे आहेत, कारण ऊन तिथेही आहे. तिकडे त्यांना भुवयाच म्हणतात. तेव्हा नुसत्या छज्ज्यावरून निकाल लागत नाही. तिथल्या इमारती बहुतांशी हॉटेलं आहेत. हॉटेलला खोलीगणिक बाल्कनी परवडत नव्हती. तिथे सगळा थाट तळमजल्यावर असतो, रस्त्याला लागून उघडा व्हरांडा, खुर्च्या टाकायला जागा, मागे लॉबी. वर दोन-तीन मजले, मधोमध एक उभा सुळक्यासारखा पट्टा आणि त्यावर हॉटेलचं नाव, रात्री निऑननं उजळणारं. म्हणजे पाहुण्याला गाडीतून जाताना दिसावं अशी रचना. मुंबईत नाव दारावर घराच्या पाटीसारखं, मायामीत डोक्यावर जाहिरातीसारखं. तुमच्या फोटोत प्रत्येक मजल्यावर बाल्कन्यांच्या रांगा असतील आणि तळाशी व्हरांडा नसेल, तर मायामी डोक्यातून काढूनच टाका.

न्यूझीलंडचं नेपियर ओळखायला सगळ्यांत सोपं, पण कारण माहीत असेल तरच. ३ फेब्रुवारी १९३१ ला तिथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. गावाचा मधला भाग गेला तो दोन-तीन वर्षांत पुन्हा उभा राहिला. म्हणून सगळं एकाच साच्यातलं. इमारती दोनमजली, त्यापेक्षा उंच क्वचित. भिंतीवरची नक्षी अगदी पातळ, भिंतीत कोरल्यासारखी, बाहेर काहीही लोंबत नाही, कारण भूकंपात माणसं मेली त्यातली बरीच वरून कोसळलेल्या विटांच्या कठड्यांखाली आणि दगडी सजावटीखाली. फुटपाथवरचं छप्परही खांबांवर उभं नसतं, दर्शनी भिंतीतून निघालेल्या लोखंडी गजांनी वरून टांगलेलं असतं. मुंबईचा खोल छज्जा आणि कोपऱ्यावरून बाहेर झेपावलेली बाल्कनी त्या काळच्या नेपियरमध्ये कुणी मागितलीच नसती. आणि एका बँकेच्या आत छताला माओरी नक्षीचे पट्टे आहेत, म्हणजे मुंबईत उठावशिल्पांत शेतकरी आला तसंच तिकडेही स्थानिक चिन्हांनी मिळेल तिथे शिरकाव केला.

आफ्रिकेतल्या इरिट्रियाचं अस्मारा वेगळ्याच कारणानं ओळखू येतं. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर असल्यामुळे तिथे हवा थंड आणि कोरडी. खोल छज्ज्याची गरज नाही, म्हणून भिंती सपाट, गोल खिडक्या उघड्या. शिवाय इमारतींचे प्रकार बघा. पेट्रोल पंप, थिएटरं, कॅफे, गॅरेजं. इथिओपियावर चाल करण्यासाठी मुसोलिनीच्या इटलीनं १९३५ नंतर तिथे माणसं आणि गाड्या ओतल्या, त्यांच्यासाठी उभं राहिलेलं हे गाव. १९३८ चा फियात ताल्येरो हा विमानासारखे दोन पंख पसरलेला पेट्रोल पंप त्याचा सगळ्यांत धीट नमुना. वसाहतीची राजधानी वाटावी असे टोलेजंग पुतळे आणि राजवाडे कमी, गाडीवाल्या गोऱ्या मध्यमवर्गाच्या सोयी जास्त.

रंगावर मात्र विसंबू नका. मायामीचे ते गुलाबी-पिस्ता-निळे रंग सगळ्यांच्या डोक्यात बसलेत, पण ते १९८० च्या दशकात लेनर्ड होरोविट्झ या डिझायनरनं बसवले. मूळ इमारती बऱ्याचशा पांढऱ्या किंवा फिक्या, थोड्या रंगीत काठांच्या होत्या. जुन्या काळा-पांढऱ्या फोटोत तर रंगाचा प्रश्नच नाही, पण आजकाल असे फोटो रंगवून फिरवतात आणि रंगवणारा आपल्याला माहीत असलेले रंग भरतो.

बंगल्यांकडे वळतो. इथे मी आधी छप्पर बघतो. चौकोनी, एकमेकांत अडकणारी लाल कौलं दिसली की आपल्याकडे लगेच मंगलोरी म्हणतात आणि ते बहुधा बरोबरही असतं. पण बेसल मिशननं मंगळूरजवळ जेप्पूला १८६५ मध्ये कारखाना काढला त्याच्या आधीच, १८४१ मध्ये, फ्रान्सच्या अल्सासमधल्या गिलार्दोनी बंधूंनी अशा अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं आणि पुढे मार्सेलची कौलं बोटीनं फ्रेंच वसाहतींत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत जायला लागली. लांबून दोन्ही तशीच दिसतात. म्हणून कौल उलटं करून बघायचं. पोटावर कारखान्याचं आणि गावाचं नाव ठोकलेलं असतं. पडक्या बंगल्याच्या अंगणात तुटकी कौलं पडलेली असतातच, त्यातलं एक उचललं की माल कोणत्या बंदरातून आला हे हातात येतं. १८६५ नंतरची तारीख मात्र छपराची, भिंतींची नाही. कितीतरी बंगले आधी नळीच्या कौलांचे किंवा गवताने शाकारलेले होते आणि नंतर त्यांच्यावर मंगलोरी चढली. जाड भिंतीवर हलकं, नेटकं कौलारू छप्पर दिसलं तर भिंत जुनी आणि छप्पर नंतरचं अशी शंका घ्या. छताच्या आतल्या लोखंडी आय बीमवरही नाव असतं. ‘डॉर्मन लाँग’ हे इंग्लंडातल्या मिडल्सब्रोच्या कारखान्याचं नाव आपल्याकडच्या जुन्या जिन्यांखाली आणि गच्च्यांखाली सर्रास सापडतं. बीमांच्या मधे विटांच्या छोट्या कमानी घालून केलेली गच्ची असेल तर आरसीसी स्लॅब सरसकट व्हायच्या आधीचं काम, बहुधा एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची पहिली दोन-तीन दशकं.

प्रदेश मात्र बंगल्याचं जोतं आणि व्हरांडा सांगतो. क्वीन्सलंडमध्ये घर लाकडी खुंट्यांवर उचललेलं आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी, वाळवीला वर चढू न देण्यासाठी. सिंगापूर-मलायात पांढऱ्या भिंती, काळी लाकडी चौकट आणि घर खांबांवर उचललेलं, खालून वारा वाहावा म्हणून. उत्तर हिंदुस्थानातल्या सिव्हिल लाइन्समध्ये जाड भिंती, पंधरा-वीस फुटी छत आणि छताजवळ झरोके, कारण तिथे अडचण ओलीची नाही, लू या उष्ण वाऱ्याची. कोकणात उतरतं छप्पर, पठारावर सपाट गच्ची.

पण बंगल्याचा सगळ्यांत टिकाऊ पुरावा बंगला नसतोच. तो असतो कंपाउंड. साहेबी बंगला भूखंडाच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळा, गाडी फिरवायला अर्धगोल रस्ता, नोकरांच्या खोल्या मागच्या भिंतीला. बंगला पाडून तिथे चार सोसायट्या उभ्या राहिल्या तरी जाड दगडी कुंपणाची भिंत दोन-तीन सोसायट्यांच्या सीमेवरून सलग जाते आणि कुठेतरी कोपऱ्यात गेटचे दोन खांब उगाच उभे असतात, एखाद्यावर संगमरवरी पाटीची चौकट. नकाशात हे आणखी स्वच्छ दिसतं. जुन्या पेठेत भूखंड अरुंद आणि खोल, कॅन्टोन्मेंटात किंवा सिव्हिल लाइन्समध्ये मोठे आणि चौरस. इमारती बदलतात, भूखंडाच्या रेषा सहसा बदलत नाहीत. अशा चौरस भूखंडांच्या पट्ट्याला लागून दाट पेठ दिसली की वसाहतकाळात राज्यकर्ते आणि प्रजा कुठे राहत होते ते नकाशावरच कळतं.

आता काँक्रीटचे ठोकळे. लोक म्हणतात यांना चेहराच नसतो, तर म्हणूनच त्यांच्या भेगा बघायच्या. जागेवर ओतलेल्या आरसीसीच्या सांगाड्यात विटांची भिंत भरलेली असेल तर काही वर्षांनी बीमच्या बरोबर खाली एक आडवी बारीक भेग पडते, कारण वीट आणि काँक्रीट तापमानाला वेगवेगळं फुगतात-आकसतात. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीवर ही भेग आहे. याउलट कारखान्यात ओतलेल्या तयार पॅनेलांची इमारत असेल तर भिंतीवर खोलीच्या आकाराचे चौकोन दिसतात आणि सांध्यांत काळा किंवा करडा मसाला भरलेला असतो. हा फरक तंत्रज्ञानाचा जितका, तितकाच मजुरीचा आणि हवामानाचा. जिथे मजूर स्वस्त आणि बारमाही काम शक्य, तिथे सेंटरिंग लावून जागेवर ओतणं परवडतं. जिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने बाहेर काँक्रीट ओतता येत नाही आणि लाखो घरं पटकन हवीत, तिथे कारखाना लागतो.

सोव्हिएत संघात नेमकं हेच झालं. नोव्हेंबर १९५५ मध्ये सरकारनं इमारतींवरची ‘फाजील’ सजावट बंद करणारा हुकूम काढला. तेव्हा स्टॅलिनच्या काळातले खांब-कंगोरे आणि नंतरचा सपाट ठोकळा यांमधली सीमारेषा तुम्ही बऱ्यापैकी नेमकी काढू शकता. पुढे ख्रुश्चेव्हच्या काळात पाचमजली पॅनेल इमारती देशभर पसरल्या. पाचच मजले का, तर त्यापुढे लिफ्ट द्यावी लागली असती. एकच नमुना इतक्या ठिकाणी गेला की इथे प्रदेश ओळखणं खरंच कठीण. पण ताश्कंद घ्या. एप्रिल १९६६ च्या भूकंपानंतर सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकामाची पथकं आली आणि शहर पॅनेलांनी पुन्हा उभं राहिलं. तरी पाय ठेवताच जाणवतं की हे मॉस्को नाही. बाल्कन्यांवर काँक्रीटच्या जाळ्या, उन्हासाठी. आणि इमारतींच्या खिडक्या नसलेल्या बाजूंवर झार्स्की बंधूंचे भव्य मोझेक, मध्य आशियाई नक्षीचे. सजावटीवर बंदी होती, पण भूकंपाच्या शहराला नवा चेहरा देण्याचं निमित्त मिळाल्यावर ती परत आली, तीही आडव्या बाजूनं.

ठोकळ्याचं वय ठरवायला आणखी एक उपाय आहे, आणि तो आर्ट डेको इमारतींनाही चालतो. बाल्कनीच्या पोटावरचं काँक्रीट गळून पडलं असेल तिथे उघड्या सळ्या बघा. गुळगुळीत गोल सळई दिसली तर काम बहुधा १९६० च्या आधीचं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत पीळ दिलेली सळई आली, ऐंशी-नव्वदनंतर रिब असलेली टीएमटी. दुरुस्ती झालेल्या इमारतीत दोन प्रकार शेजारी शेजारी दिसतात, आणि मग दुरुस्ती कधीची तेही कळतं. हा पुरावा आपल्या समुद्रकाठी इतका सहज मिळतो याचं कारणही प्रादेशिकच आहे. खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईवरच्या काँक्रीटच्या थरातून, म्हणजे कव्हरमधून, आत शिरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर आतून फुटतं. १९३० च्या दशकात कव्हर पातळच ठेवायचे, बाल्कनीच्या कडेला तर फारच. म्हणून मरीन ड्राइव्हवर गोल बाल्कन्यांचे कोपरेच आधी जातात.

आणि इथे कायद्याचा हात दिसतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला सोडणं परवडेना. त्यामुळे इमारती पडायला टेकल्या, पण पाडल्याही गेल्या नाहीत. लाकडी टेकू, काचा लावून बंद केलेल्या बाल्कन्या, मजल्यागणिक वेगळा रंग, कुठे लोखंडी जाळी तर कुठे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, एकाच दर्शनी भिंतीवर हे सगळं दिसलं तर आत बरेच भाडेकरू किंवा मालक आहेत आणि वरून कुणी एकजण निर्णय घेत नाही, हे ओळखायचं. हॉटेलचा मालक एक असतो, म्हणून मायामीची दर्शनी बाजू एका रंगात असते. हा फरक छज्ज्यापेक्षाही भरवशाचा आहे.

तुम्ही चुकलात तो फोटो पुन्हा काढून बघा. त्यात शक्य तितकं मोठं करून तीन ठिकाणं तपासा. तळमजल्याला रस्त्यालगत व्हरांडा आहे की थेट प्रवेशद्वार? वरच्या मजल्यांच्या बाल्कन्या सगळ्या एकाच स्थितीत आहेत की काही बंद, काही उघड्या? आणि छज्ज्याखालच्या भिंतीवर ओघळ किती खालपर्यंत गेलेत? फोटो उन्हाळ्यातला आणि नुकत्याच रंगवलेल्या इमारतीचा असेल तर तिसरं काही सांगणार नाही, पण पहिल्या दोनांवरून मायामी आणि मुंबई वेगळी करता यायला हवीत. इमारतीच्या नावाची पाटी वाचता आली तर तेवढ्यावरही काम होईल.